दहीहंडीच्या निवेदनाची संहिता: माइकवर काय बोलायचं आणि कधी गप्प बसायचं?

निवेदक_नवखा

नमस्कार मंडळी. बदलापूरला आमची सहा इमारतींची सोसायटी आहे. गोपाळकाल्याला हंडी बांधतो, दोन पथकं बोलावतो, त्यातलं एक महिलांचं. इतकी वर्षं माइक सांभाळणारे काका यंदा मुलीकडे पुण्याला गेलेत आणि "तू कविता करतोस ना" एवढ्या भांडवलावर माइक माझ्या गळ्यात पडलाय.

गेल्या वर्षी आमच्याकडे चौथ्या थरावरचा एक मुलगा उतरताना घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. त्यामुळे सभेत ठरलं की यंदाच्या निवेदनात थरांची सुरक्षितता आणि लहान मुलांची काळजी यावर भर द्यायचा. मी लिहिलेला मसुदा असा:

"आला रे आला, गोविंदा आला! रसिकहो, सुरक्षितता हीच खरी भक्ती! हेल्मेट घाला, चिमुकल्यांना जपा! चला तर मग, बघूया आज किती थर लागतात! चार लागले... टाळ्या कमी पडतायत मंडळी! अजून एक थर हवा की नको? पाच थरांना एकवीस हजार! आणि... फुटली! वाजव रे डीजे!"

हंडी चोवीस फुटांवर असते, क्रेन भाड्याची. तपासून द्या. अजून दोन-चार सुरक्षेच्या ओळी हव्यात का?

तिसरी_घंटा

विषय छान आहे, पण नाटक म्हणून संघर्ष कमी पडतो. नायक कोण? मी सुचवेन की पडद्यामागून आईचा आवाज येतो, मग मंचावर निळा प्रकाश... एकांकिकेची वेळ किती धरलीय?

निवेदक_नवखा

अहो, एकांकिका नाही. हंडीच्या दिवशी माइकवर बोलायची संहिता आहे.

नियमावर_बोट

संहिता राहू द्या, आधी कायदा बघा. अठरा वर्षांखालच्या कुणालाही थरात घेता येत नाही आणि हंडी वीस फुटांच्या वर बांधता येत नाही. कोर्टाचा आदेश आहे. तुमचे चोवीस फूट सरळ सरळ बेकायदा.

तळातला_खांदा

सव्वीस वर्षं पथकात काढली, पहिली चौदा तळाला आणि नंतर शिट्टी घेऊन बाहेर. म्हणून दोन शब्द.

नियमावर_बोट, तुम्ही म्हणता तो आदेश होता, आता तसा राहिलेला नाही. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षं आणि वीस फूट अशी मर्यादा घातली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऑगस्ट २०१७ मध्ये मात्र प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आलं, तेव्हा उंचीची मर्यादा निघाली आणि वय चौदावर आलं. चौदा पूर्ण नसलेलं मूल थरात घेणार नाही, हेल्मेट, बेल्ट, गाद्या यांची सोय बघू, असं सरकारने तिथे सांगितलं. म्हणजे चोवीस फूट बेकायदा नाहीत. शहाणपणाचे आहेत का, हा वेगळा प्रश्न. पोलीस परवानगीच्या अटी मात्र दर वर्षी वाचून घ्या.

आता नवखा, तुझ्याकडे वळतो. रागावू नकोस, पण तुझ्या मसुद्यात सुरक्षेची ओळ एकच आहे आणि धोक्याच्या ओळी चार. "हेल्मेट घाला" माइकवरून सांगून कुणी घालत नाही. ते पथक मैदानात शिरायच्या आधी तपासायचं असतं. पण "टाळ्या कमी पडतायत" आणि "अजून एक थर हवा की नको" ही वाक्यं थेट वरच्या पोरांच्या कानात जातात. चार थरांचा सराव करून आलेलं पथक गर्दीसमोर पाचवा लावायला जातं, आणि ते कशामुळे? बहुतेक वेळा माइकमुळे.

दुसरं म्हणजे आवाज. थर उभे राहत असताना आम्ही शिट्टीवर चालतो. आमच्यात एक लांब म्हणजे थांबा, दोन छोट्या म्हणजे पुढचा चढू दे, आणि सलग वाजली की आहात तिथून उतरा. प्रत्येक पथकाची खूण वेगळी. तळातला माणूस मान खाली घालून, हनुवटी छातीला लावून उभा असतो. त्याला वरचं काहीच दिसत नाही, त्याला फक्त ऐकू येतं. तिथे तू "आवाज कुणाचा" करत असशील तर तो आंधळाही आणि बहिराही.

कातळवेडा

शिट्टीचं एकदम पटलं. मी दोरावर चढणारा माणूस, म्हणून वरच्या मुलाच्या दोराबद्दल लिहितो. बऱ्याच ठिकाणी दोर असतो, पण कंबरेच्या पट्ट्याला अडकवलेला. पडताना सगळा हिसका पोटावर आणि बरगड्यांवर येतो, मूल उलटंही होऊ शकतं. मांड्या, छाती आणि खांदे धरणारा पूर्ण हार्नेस हवा, मुलाच्या मापाचा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपत सैल, मूठ जायला लागली तर मोठा आहे. मुलाला आदल्या दिवशी जमिनीपासून फूटभर उंच टांगून मिनिटभर लटकू द्या. कुठे काचतं ते तिथेच कळतं.

दोर धरणाऱ्याने मूल चढत जाईल तसा तो ओढून घेत राहायचा. हे झालं की काही धोका उरत नाही.

तळातला_खांदा

हार्नेसचं शंभर टक्के बरोबर. "काही धोका उरत नाही" हे मात्र डोंगरातलं झालं, मैदानातलं नाही.

दोन गोष्टी. क्रेनचं टोक मुलाच्या बरोबर डोक्यावर नसेल, चार-सहा फूट बाजूला असेल, तर दोर मुलाला धरतो पण झोका देतो. मूल लंबकासारखं क्रेनच्या खांबाकडे किंवा स्टेजच्या कमानीकडे जातं. मी ते पाहिलंय, नशिबाने मध्ये माणसं होती. त्यामुळे थर कुठे उभा राहणार ती जागा आधी खडूने आखायची आणि क्रेन त्या खुणेवर आणायची. मुलाचा दोर हंडीच्या दोरावरून घ्यायचा नाही, त्याला वेगळी कडी आणि वेगळा माणूस. त्या माणसाला त्या वेळी दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, मोबाइल तर नाहीच.

आणि दोर फक्त एक्क्याला, म्हणजे सगळ्यात वरच्या पोराला असतो. त्याच्या खालच्याला नसतो. सगळे खाली येतात तेव्हा एक्का वर हवेत लटकत राहतो आणि गर्दी टाळ्या वाजवते, पण त्याच्या पायाखालचा पोरगा सतरा फुटांवरून आलेला असतो. हिशेब करून बघा, जमिनीवर पोचताना वेग ताशी छत्तीस किलोमीटरच्या आसपास. दुचाकीवरून पडल्यासारखंच.

कातळवेडा

झोक्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. पण मग वरून दुसऱ्यालाही दोर का नको?

तळातला_खांदा

दोन दोर एकमेकांत गुंततात. चढणाऱ्याच्या पायात येतात. काही पथकं करून बघतायत, आमचं अजून एकमत नाही. मी यावर ठाम बोलणार नाही.

सुगरण_नाही

मला थोडं वेगळं विचारायचंय. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, वजन सत्तावीस किलो. आमच्या गल्लीतलं मंडळ गुरुपौर्णिमेपासून त्याला सरावाला नेतंय. "वहिनी, कागदावर सही द्या म्हणजे काही प्रश्न नाही" म्हणाले. मी दिली. त्याला आवडतं, छाती काढून सांगतो मी एक्का आहे म्हणून. पण परवा झोपेत ओरडला, "उतरवा, उतरवा." सकाळी विचारलं तर म्हणे काही नाही. मी काय करावं?

नियमावर_बोट

ताई, तुमच्या सहीने वय बदलत नाही. चौदा नाही म्हणजे नाही, पालकाची संमती असली तरी. (चौदा हा आकडा मी आत्ताच वर शिकलो, पण हे पक्कं.) आणि सरावालाही तोच नियम धरा. २०२५ साली दहिसरमध्ये हंडीच्या आधी सरावातच अकरा वर्षांचा मुलगा पडून गेला.

तळातला_खांदा

वहिनी, त्याला घरी ठेवा. मंडळाने कुरकुर केली तर सरळ सांगा, "चौदाचा झाला की बघू."

झोपेत ओरडला त्याबद्दल सांगतो. वरच्या मुलाची भीती गर्दीला दिसत नाही, ती त्याच्याखालच्या खांद्याला कळते. मूल स्थिर असतं तेव्हा तळवा सपाट असतो. घाबरलं की पायाची बोटं आवळतात आणि अंगठा खांद्यात रुतायला लागतो. मग पोटरी थरथरते, ती थरथर खालच्याच्या गळपट्टीच्या हाडापर्यंत जाते. आम्ही पोरांना शिकवतो की अंगठा रुतला की खालच्याने "थांब" म्हणायचं, वरच्याने म्हणायची वाट बघायची नाही. कारण वरचा कधीच म्हणत नाही. हजार माणसं बघत असताना बारा वर्षांचं पोर कसं म्हणेल?

आता नवखाला खरं काम सांगतो. संहितेत ही पळवाट लिहून ठेव. पथक येतानाच माइकवर जाहीर कर: एक्क्याने मान हलवली की थर उतरणार, आणि उतरलेल्या पथकाला मानधन पूर्ण मिळणार. गर्दीला आधी सांगितलेलं असलं की उतरणं हार वाटत नाही.

निवेदक_नवखा

हे सोनं आहे. पण चौदा वर्षांवरचा एक्का घ्यायचा तर आमचं नेहमीचं पथक म्हणतंय की पाच थर लागणार नाहीत. ते खरं की बहाणा?

तळातला_खांदा

खरं आहे, आणि ते तसंच असायला हवं. समज पूर्वीचा एक्का बावीस किलोचा होता. चौदा-पंधरा वर्षांची सडपातळ मुलगी धर, अडतीस किलो. वाढलेले सोळा किलो वाटले जात नाहीत; ते सगळे चौथ्या थरावर एकटा उभा असलेल्या पोराच्या दोन खांद्यांवर येतात. तो स्वतः अठ्ठेचाळीस किलोचा. म्हणजे त्याच्या खाली तिसऱ्या थरात तिघं असतील तर आधी सत्तर किलो वाटून घेत होते, आता शहाऐंशी. तळाला हा फरक फारसा जाणवत नाही, चौथ्याला जाणवतो. पूर्वी तिथे तेरा-चौदा वर्षांचं पोर चालायचं, आता मजबूत तरुण लागतो, मग त्याच्या वजनासाठी तिसरा थर रुंद करावा लागतो. शेवटी एक थर कमी होतो.

तर मग हंडीच खाली आण. एका थराला साधारण पावणेपाच-पाच फूट धर. चार थरांचं पथक हात वर करून वीस फुटांपर्यंत पोचतं. तू अठरावर बांध. दोर सोडला की हंडी खाली येते, त्यात कमीपणा कसला.

रात्रपाळी

मी अपघात विभागात नर्स आहे. गोपाळकाल्याच्या रात्री आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कित्येकांना मित्रांनी खांद्यावर टाकून, रिक्षात बसवून आणलेलं असतं. मणक्याला मार असेल तर त्या उचलण्याने होत्याचं नव्हतं होऊ शकतं.

तुमच्या संहितेत पडल्यावरचं काहीच नाही. तिथे निवेदक "अरे बापरे!" म्हणतो आणि पन्नास माणसं धावतात. माझी विनंती, खालचं वाक्य पाठच करा, कागद शोधत बसू नका:

"सगळे जागेवर थांबा. पडलेल्याला कुणी उचलू नका, बसवू नका, पाणी देऊ नका. हेल्मेट ओढू नका. वैद्यकीय पथक येतंय, डाव्या बाजूची वाट मोकळी करा."

डावी की उजवी ते आधी ठरवा आणि तिथे कुणाची गाडी लावू देऊ नका. १०८ ची गाडी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आत उभी असेल तर उत्तमच. आणि मूल उठून चालायला लागलं म्हणून सोडून देऊ नका. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा हाताला मुंग्या असं काहीही दिसलं तर तडक हॉस्पिटल. त्या दिवशी त्याला पुन्हा थरात घेणं नाही, तो कितीही म्हणाला तरी.

कातळवेडा

पाणी! इमारतीतून बादल्या ओततात त्याचं काय? खांदे ओले झाले की पाय घसरणारच.

निवेदक_नवखा

आमच्याकडे तर 'बी' विंगच्या आजी दरवर्षी पहिल्या मजल्यावरून पाइप धरतात. परंपरा आहे म्हणतात. :)

तळातला_खांदा

आजींना पाइप धरू दे, पण पथक मैदानात यायच्या आधी आणि थर पूर्ण उतरल्यावर. आजींचं नाव घेऊन माइकवर सांग, ऐकतील. पाऊस पडत असेल तर पथकाने कोरड्या फडक्याने खांदे पुसून मग चढायचं. मुसळधार असेल तर थांबायचं. वेळापत्रक गेलं खड्ड्यात.

निवेदक_नवखा

दोन दिवस खपून पुन्हा लिहिली. बघा.

*पथक येण्याआधी:* "मंडळी, आजची हंडी अठरा फुटांवर आहे आणि ती चार थरांची आहे. चारच. पाचवा कुणी मागू नका, मीही मागणार नाही. दोन्ही पथकांतल्या प्रत्येकाचं वय कागदावर तपासलंय, चौदाखालचं कुणी थरात नाही. छोट्या कृष्णांसाठी स्टेजजवळ चार फुटांवर वेगळी हंडी आहे, ती जमिनीवर उभं राहून फोडायची. मानधन दोन्ही पथकांना सारखं, हंडी फुटो वा न फुटो. एक्क्याने मान हलवली की थर उतरतील, आणि त्यालाही टाळ्या तेवढ्याच. कमलआजी, पाइप आता बंद करा."

*थर रचताना:* "आता मी गप्प बसतो. डीजेही गप्प बसेल. तुम्हाला शिट्टी ऐकू आली पाहिजे, आणि त्यांनाही." (यानंतर माइक बंद. खरंच बंद, बटण खाली.)

*हंडी फुटल्यावर:* "फुटली! पण डीजे अजून नाही. शेवटचा पाय जमिनीला लागेपर्यंत हंडी फुटलेली नाही असं समजा. खापऱ्या पडल्यात, पुढे कुणी येऊ नका, सगळे अनवाणी आहेत."

*उतरल्यावर:* "एक्का खाली... वरून दुसरा खाली... तिसरा थर मोकळा... तळ सुटला. आता वाजव रे!"

*कुणी पडलं तर:* रात्रपाळी ताईंचं वाक्य जसंच्या तसं.

तळातला_खांदा

उतरतानाचं मोजून बोलणं मस्त जमलंय. आमच्याकडे बरेचसे लोक चढताना नाही, फोडल्यावर पडलेत. दही अंगावर, वर नाच, खालच्यांना वाटतं झालं, आणि तळ सैल पडतो. तू "तळ सुटला" म्हणेपर्यंत कुणी सुटणार नाही.

एकच बदल. "एक्का खाली" तू बघून बोलू नकोस, शिट्टीवाल्याने हात केला की बोल. तुझ्या जागेवरून पाठ दिसते, पाय नाही. चुकून आधी बोललास तर तळातली पोरं तुझ्यावर विश्वास ठेवून सुटतील.

रात्रपाळी

लहानांची वेगळी हंडी आवडली. फक्त तिथे मातीचं मडकं काठीने फोडणार असाल तर खापऱ्या त्यांच्याच डोळ्यांत जातील. कागदाचं मडकं करा, आत लाह्या-चॉकलेट.

सुगरण_नाही

मुलाला सांगितलं. दोन तास बोलला नाही. मग विचारलं, "तळाला तरी उभा राहू?" यावर काय सांगू?

नियमावर_बोट

तळालाही थरच ना. नाही म्हणा.

तळातला_खांदा

थरात नाही, हे खरं. पण सरावाच्या वेळी बाहेर उभं राहून हेल्मेटचे पट्टे तपासायचं काम द्या त्याला. माझी सुरुवात तशीच झाली. तेव्हा हेल्मेट नव्हती, मी पोरांच्या खिशातली नाणी आणि किल्ल्या काढून घ्यायचो. मंडळ त्याला पुन्हा वर चढवणार नाही याची खात्री असेल तरच हं.

निवेदक_नवखा

काल तालीम घेतली. थर उतरायला पथकाला पन्नास सेकंद लागले. डीजेवाला म्हणाला, "दादा, हंडी फुटल्यावर पन्नास सेकंद शांतता? लोक निघून जातील." त्यावर तोडगा म्हणून एक ढोलकी ठेवतोय, तीही तळ सुटल्यावरच.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. ज्यांच्याकडून मानधनाची रक्कम येते ते गृहस्थ म्हणतात, "थर वाढले की लिफाफा वाढला पाहिजे, नाहीतर बॅनर कशाला लावू?" समिती अर्धी त्यांच्या बाजूने आहे. रविवारी पुन्हा बैठक. तोवर "मानधन सारखं" ही ओळ मी पेन्सिलने लिहून ठेवलीय.

तळातला_खांदा

बैठकीला पथकाच्या शिट्टीवाल्याला बोलाव. त्यांच्यासमोर त्याला विचार, एका थराचे किती घेशील.

तिसरी_घंटा

पन्नास सेकंदांची शांतता! मी आधीच म्हणत होतो, हे नाटकच आहे. प्रकाशयोजना लागली तर कळवा.